विश्लेषण : मे महिन्यात वाकलेल्या रुळाचे कारण जानेवारीत का शोधावे लागते?

रेल्वे प्रवासातला तो खटक-खटक आवाज आता बहुतेक मार्गांवर ऐकू येत नाही. पूर्वी १३ मीटरचे रूळ फिशप्लेटने जोडलेले असत आणि दोन रुळांमध्ये थोडी फट ठेवलेली असे. उन्हाने रूळ वाढला की ती फट भरून निघे. आता रूळ एकमेकांना वेल्ड करून किलोमीटर-किलोमीटर सलग टाकले जातात. फटी गेल्या, आवाज गेला, चाकांची आणि रुळांची झीजही कमी झाली. पण उन्हाळ्यात रूळ तापायचे थांबलेले नाहीत. मग वाढलेली लांबी जाते कुठे?

रूळ किती वाढू पाहतो?

पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश सेल्सिअसने तापला, तर तो मिलिमीटरच्या साधारण ८५व्या भागाइतका वाढतो. ऐकायला हे नगण्य वाटते. मात्र एक किलोमीटरचा रूळ ३० अंशांनी तापला आणि त्याला मोकळे सोडले, तर तो सुमारे ३५ सेंटिमीटरने लांबेल. नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात हवेचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात पडलेला रूळ हवेपेक्षाही १५ ते २० अंशांनी जास्त तापतो. हात लावला तर चटका बसेल, इतका.

सलग रूळ मात्र मोकळा नसतो. तो क्लिपांनी काँक्रीटच्या स्लीपरला जखडलेला असतो आणि स्लीपर खडीत रुतलेले असतात. टोकांकडचे काही दहा मीटर, फार तर शंभरेक मीटर, रूळ थोडा सरकतो. त्यासाठी तिथे खास सरकते सांधे बसवलेले असतात. मधला सगळा भाग जागचा हलत नाही. डावीकडचा रूळ उजवीकडे रेटतो, उजवीकडचा डावीकडे, आणि दोन्ही रेटे सारखे. मधल्या रुळाच्या दृष्टीने दोन्ही बाजूंना पक्क्या भिंतीच उभ्या आहेत.

न वाढलेल्या लांबीचे काय होते?

ती दाबात बदलते. रूळ जितका लांबला असता, तितकाच तो परत दाबला गेला आहे, असे समजावे. त्यासाठी किती बळ लागेल ते काढता येते. आज मुख्य मार्गांवर वापरल्या जाणाऱ्या ६० किलोच्या रुळाचे (म्हणजे मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचे) छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर असते. पोलादाची ताठरता आणि वाढीचे प्रमाण धरून हिशेब केला, तर तापमानाच्या प्रत्येक अंशामागे एका रुळात सुमारे १.९ टन बळ साठते. २५ अंशांची वाढ झाली की साडेसत्तेचाळीस टन. दोन्ही रुळांत मिळून ९५ टन.

या हिशेबात लांबी कुठेच येत नाही. रूळ १०० मीटरचा असो वा १० किलोमीटरचा, पक्का जखडलेला असेल तर बळ तेवढेच. लांब रूळ जास्त वाढू पाहतो हे खरे. पण ती वाढ तितक्याच जास्त लांबीवर विभागली जाते, त्यामुळे प्रत्येक मीटरच्या वाट्याला येणारा दाब बदलत नाही. सलग रूळ टाकणे शक्य झाले ते यामुळेच. ‘एवढा लांब रूळ म्हणजे एवढा मोठा धोका’ ही समजूत चुकीची आहे. जाड रूळ टाकला म्हणजे प्रश्न मिटला, हेही तितके खरे नाही. छेद वाढला की त्यात साठणारे बळही त्याच प्रमाणात वाढते.

मग पोलाद चिरडत का नाही?

कारण त्याची ताकद फार मोठी आहे. २५ अंशांच्या वाढीने प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६२० किलोचा ताण येतो. रुळाचे पोलाद याच्या सातपट ताण सहज सोसते. फक्त उन्हाच्या तापाने ते चिरडायचे, तर रूळ पावणेदोनशे अंशांहून जास्त तापावा लागेल.

धोका वेगळाच आहे. प्लास्टिकची फूटपट्टी दोन तळहातांत धरून टोकांकडून दाबली, तर ती चिरडत नाही. एकदम कुठल्यातरी बाजूला फुगते. रुळाचेही तसेच. त्याला बाजूला जाऊ न देणारी गोष्ट म्हणजे स्लीपरच्या टोकांना लागून भरलेली, नीट दबलेली खडी. वळणावर तर ती सतत कामाला लागलेली असते. ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर वरचे ९५ टन बळ रूळमार्गाच्या प्रत्येक मीटरला सुमारे १०९ किलोने बाहेर ढकलत असते, गाडी नसतानाही. खडी भरपूर असेल तर हे काहीच नाही. ती ढिली असेल, ओढली गेलेली असेल किंवा रूळ आधीच किंचित वाकडा असेल, तर एखादी जाणारी गाडी स्लीपर हलवते, खडीची पकड क्षणभर सुटते आणि मार्ग सापासारखा वळतो. हे सगळे काही सेकंदांत घडते.

२९ जुलै २००२ रोजी अमेरिकेत मेरिलँडमधील केन्सिंग्टन येथे वॉशिंग्टनकडे जाणारी प्रवासी गाडी अशाच वाकलेल्या रुळावरून घसरली. तिथल्या चौकशीत ठपका उन्हावर नव्हे, तर काही दिवसांपूर्वी त्या जागी झालेल्या रूळमार्ग दुरुस्तीच्या पद्धतीवर आला. रुळाला पुरेशी पकड उरली नव्हती आणि गाड्यांचा वेगही कमी केला गेला नव्हता.

रूळ कोणत्या तापमानाला जखडायचा?

सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. रुळात ताण शून्य असतो तो एकाच तापमानाला, म्हणजे ज्या तापमानाला तो मोकळा असताना घट्ट केला, त्या. त्याच्या वर रूळ दाबला जातो, खाली ताणला जातो. समजा, एखाद्या भागात रुळाचे तापमान वर्षभरात ५ ते ६५ अंशांमध्ये फिरते. मध्य ३५ येतो. भारतीय रेल्वे जड रुळांसाठी मध्याच्या ५ ते १० अंश वर, म्हणजे इथे ४० ते ४५ अंशांना, रूळ घट्ट करते. मुद्दाम वर, कारण दोन संकटांपैकी एक निवडायचे आहे. थंडीत जास्त ताण आला तर रूळ तुटू शकतो. पण तुटल्यावर फट दिसते, आणि जिथे रुळातून सिग्नलचा विद्युतप्रवाह जातो तिथे बहुतेकदा सिग्नल आपोआप लाल होतो. उन्हाळ्यातला दाब दिसतही नाही आणि सिग्नललाही कळत नाही.

रूळ घट्ट करण्याआधी त्यातला ताण काढावा लागतो. त्या भागातली वाहतूक थांबवून रूळ कापतात, क्लिपा काढतात, रूळ उचलून रोलरवर ठेवतात आणि लाकडी हातोड्यांनी ठोकतात, म्हणजे तो कुठे अडकून न राहता आपल्या खऱ्या लांबीला येतो. तेव्हा रूळ ३० अंशांना असेल आणि हवे असतील ४०, तर हायड्रॉलिक यंत्राने तो ओढतात. ५०० मीटरच्या तुकड्याला १० अंशांसाठी सुमारे ५८ मिलिमीटर ओढावे लागते. तेवढा ओढूनच क्लिपा बसवतात आणि सांधा वेल्ड करतात. ऊन पडायची वाट न पाहता ४० अंशांचा परिणाम साधला जातो.

जानेवारीत नेमके काय चुकते?

वरच्याच रुळाचे उदाहरण घेऊ. तो ४० अंशांना ताणमुक्त आहे. जानेवारीतल्या एका पहाटे तो ५ अंशांवर असताना तुटतो. दोन्ही टोके मागे सरकतात आणि २० मिलिमीटरची फट पडते. गाड्या खोळंबलेल्या असतात, वरून फोन सुरू असतात. तात्पुरत्या फिशप्लेट लावून कमी वेगाने गाड्या काढल्या जातात, तिथपर्यंत ठीक. नंतर पक्की दुरुस्ती करताना खराब भाग कापून नवा तुकडा टाकतात, पण तो काढलेल्या भागापेक्षा २० मिलिमीटरने लांब असतो. कारण जागा तेवढी आहे, आणि फट भरायची आहे.

इथे चूक झाली. रुळात २० मिलिमीटर जादा पोलाद कायमचे शिरले. ते आजूबाजूच्या १०० मीटरमध्ये सामावले असे धरले, तर त्या भागाचे ताणमुक्त तापमान सुमारे १७ अंशांनी घसरून २३ वर येते. रूळ सरळ आहे, वेल्ड चांगले आहे, गाड्या पूर्ण वेगाने जातात. मेमध्ये रूळ ६५ अंशांवर पोहोचतो. शेजारच्या भागात २५ अंशांची वाढ आणि साडेसत्तेचाळीस टन. या १०० मीटरमध्ये ४२ अंशांची वाढ आणि एका रुळात ८० टन. म्हणूनच नियम असा, की कापण्याआधी रुळावर दोन्ही बाजूंना खुणा करून अंतर मोजून ठेवायचे, वेल्डची जागा सोडून जितके पोलाद काढले तितकेच घालायचे आणि उरलेली फट यंत्राने रूळ ओढून बंद करायची. त्याला जास्त वेळ लागतो. वाहतूक बंद ठेवण्याची जेमतेम मुदत मिळालेल्या तुकडीकडून हे काम राहून जात असेल, तर दोष त्या तुकडीच्या माथी मारणे सोपे आहे. मुदत ठरवणाऱ्याने हिशेब कोणता केला होता, हे विचारणे अवघड.

आधी ओळखता येते का?

दाब डोळ्यांना दिसत नसला तरी हालचाल दिसते. मार्गालगत ठरावीक अंतरावर पक्के खांब असतात आणि रुळावर त्यांच्या समोर खूण केलेली असते. मधल्या, न हलणाऱ्या भागातली खूण सरकली असेल, तर कुठेतरी रूळ गोळा होत आहे. स्लीपरच्या टोकाशी खडीत ताजी फट, सरळ मार्गावर बारीक नागमोडी, तिरके झालेले स्लीपर ही पुढची लक्षणे. रुळाचे तापमान ताणमुक्त तापमानापेक्षा २० अंशांनी वर गेले की गस्त सुरू होते. भर दुपारी मार्गावरून चालणारा की-मॅन हेच शोधत असतो. रूळ उचलणे, खडी ठोकणे अशी नेहमीची कामे तर १० अंश वर गेल्यावरच थांबवावी लागतात, कारण ती करताना खडीची पकड सुटते. खडी ठोकल्यानंतरही काही काळ गाड्या हळू चालवाव्या लागतात. गाड्यांच्या भाराने ती पुन्हा दबून बसेपर्यंत.

कारखान्यातल्या वाफेच्या पाइपला खडीची अशी सोबत नसते आणि तापमानही शेकडो अंशांनी वाढते. दोन भिंतींत तो सरळ जखडला तर भिंत तरी फुटेल किंवा पाइप तरी वाकेल. म्हणून तिथे पाइपला जागोजागी इंग्रजी ‘यू’च्या आकाराची वळणे देतात, ती वळणे उघडमीट होत वाढ पोटात घेतात. रुळाला असे वळण देता येत नाही. त्याचा सगळा भरवसा घट्ट करतानाच्या एका आकड्यावर आणि बाजूच्या खडीवर. तो आकडा नोंदवहीत ४० लिहिलेला असतो. जानेवारीतल्या त्या दुरुस्तीनंतर तो बदलला आहे, हे वहीला कोणी सांगितलेले नसते.