हप्ता छोटा, घोर मोठा

आमच्या शेजारच्या वहिनींचा नोव्हेंबरात दवाखान्यातून फोन आला. "ताई, पॉलिसी बंद झालीय म्हणतात हो! दर महिन्याला पैसे कटतात की आमचे!" डेंग्यू झाला होता, चार दिवसांचं बिल समोर होतं आणि आरोग्य विम्याचं कार्ड चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी पासबुक आणि पॉलिसीचे कागद समोर घेतले. वर्षाचा हप्ता एकदम भरला तर अठरा हजार, महिन्याला भरला तर १५६० रुपये. एकदम अठरा हजार कुठून आणायचे, म्हणून त्यांनी महिन्याचा मार्ग धरला. वर्षाला ७२० रुपये जास्त जात होते, पण त्याचं काही एवढं नाही. खरी गोष्ट वेगळीच होती.

हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप कटायचा. ऑक्टोबरात मुलीच्या कॉलेजची फी भरली आणि खात्यात अकराशे रुपये उरले. हप्ता परत गेला. मेसेज गेला भाऊजींच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर. पासबुकात परताव्याचा दंड दिसला, तेव्हा दोघांना वाटलं, पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम कटतील.

इथेच चुकलं. महिन्याच्या हप्त्याला सवलतीची मुदत फक्त १५ दिवसांची असते. तिमाही, सहामाही किंवा वार्षिक भरणाऱ्याला ३० दिवस मिळतात. त्या पंधरा दिवसांत विम्याचं संरक्षण चालू राहतं, पण २० ऑक्टोबर उलटला आणि पॉलिसी रद्द झाली. डेंग्यू झाला २ नोव्हेंबरला.

बिल कसंबसं भागवलं. पण त्याहून मोठं नुकसान पुढे कळलं. वहिनींना साखरेचा त्रास आहे आणि फॉर्मवर तो त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला होता. अशा आधीच्या आजारासाठी त्यांच्या पॉलिसीत तीन वर्षं थांबायचं होतं. त्यातली दोन वर्षं सात महिने झाले होते. आता नवी पॉलिसी म्हणजे नवा फॉर्म, नव्या तपासण्या आणि साखरेसाठी पुन्हा पहिल्या दिवसापासून तीन वर्षं! एका हप्त्यापायी ३१ महिन्यांची वाट पाहणं वाया गेलं.

आणखी एक कलम सहसा कुणी वाचत नाही. वर्षाच्या मध्येच क्लेम आला, तर उरलेले सगळे हप्ते लगेच देणं लागतात आणि कंपनी ते क्लेमच्या रकमेतून कापून घेऊ शकते. समजा चार हप्ते भरून झालेत आणि ६२ हजारांचा क्लेम मंजूर झाला. उरलेल्या आठ हप्त्यांचे १२,४८० रुपये गेले, की हातात येतात ४९,५२०. हे पैसे बुडत नाहीत, पुढे भरायचेच होते. पण दवाखान्याच्या काउंटरवर एवढी रक्कम अचानक उभी करणं किती जड जातं, ते आपल्यालाच ठाऊक!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की जमत असेल तर हप्ता वर्षाचाच भरावा. बारा वेळा चुकण्याची शक्यता एकावर येते. मात्र ती एक तारीख पाळायलाच हवी. वार्षिक पॉलिसी संपल्यावर ३० दिवसांत पैसे भरले तर जुनी वर्षं धरली जातात, पण मधल्या रिकाम्या दिवसांत आजारपण आलं तर क्लेम मिळत नाही.

एकदम पैसे कुठून आणायचे? आपली भिशी आहे ना! बारा जणींची पंधराशेची भिशी म्हणजे बरोबर अठरा हजार. चिठ्ठी न टाकता आपला नंबर पॉलिसीच्या महिन्याच्या आधी मागून घ्यायचा. नाहीतर बँकेत वर्षभराचं रिकरिंग लावायचं. तेही नाही जमलं, तर नूतनीकरणाच्या वेळी निदान सहामाही हप्ता मागावा, म्हणजे मुदत तरी ३० दिवसांची मिळते.

आणि महिन्याचाच हप्ता परवडत असेल तर तोच ठेवा, त्यापायी विमा सोडू नका. फक्त कटण्याची तारीख पगारानंतरची घ्या, एका हप्त्याची रक्कम खात्यात कायम शिल्लक ठेवा, मोबाइल नंबर बदलला की कंपनीला कळवा. हप्ता कटला का, ते पासबुकात पाहा. परत गेला असेल तर पुढच्या महिन्याची वाट न बघता त्याच आठवड्यात भरून पावती घ्या.

वहिनींनी नवी पॉलिसी घेतली आहे, वार्षिक. भिशीतला ऑक्टोबरचा नंबर आता त्यांचा. आम्ही कुणी त्यावर हक्क सांगत नाही.