शब्द मोजले, कल्पना निसटली

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याला आळा घालणारे विनियम लागू केले. त्यांतील व्याख्या नेमकी आहे. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून पुढे करणे, हे वाङ्मयचौर्य. मात्र शिक्षेच्या तरतुदींपर्यंत येताना ‘कल्पना’ हा शब्द मागे पडतो आणि उरते ती साम्याची टक्केवारी. 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानायचे, त्यापुढे 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्यांनुसार शिक्षा वाढवायची. दुसऱ्याची कल्पना जो स्वतःच्या शब्दांत मांडतो, तो या मोजपट्टीवर निर्दोष ठरतो. त्याला ओळखू शकेल असा माणूस एकच असतो, तो म्हणजे त्या विषयातला परीक्षक. परंतु हा परीक्षक गोपनीयतेने बांधलेला असतो आणि पुष्कळदा स्वतःच त्या क्षेत्रातला स्पर्धक असतो.

निवृत्तीनंतर महसुली दप्तरांवर आधारलेले शोधनिबंध परीक्षणासाठी अधूनमधून माझ्याकडे येतात. असाच एक निबंध लेखकाचे नाव वगळून आला. (संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दुष्काळाची सुरुवात सरकारी घोषणेवरून न ठरवता लहान गहाणखतांवरून ठरवावी, असे त्याचे प्रतिपादन होते. ब्रिटिश काळातील नोंदणी कायद्यानुसार 100 रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या स्थावराचे दस्त नोंदवणे सक्तीचे होते. त्याखालील गहाणखतांची नोंदणी ऐच्छिक होती. सावकार जेव्हा अशा लहान खतांसाठीही शुल्क भरून नोंदणीचा आग्रह धरू लागतो, तेव्हा कर्जफेडीविषयी त्याला शंका आलेली असते. ही वाढ दुष्काळी कामे सुरू होण्याच्या काही महिने आधीच नोंदवह्यांत दिसते, असा निबंधाचा दावा होता.

ही कल्पना मी दोन वर्षांपूर्वी एका निमंत्रितांच्या चर्चासत्रात ऐकली होती. मांडणारे अभ्यासक आणि मी बरीच वर्षे छापील वाद घालत आलो आहोत. त्यांनी ती अद्याप कोठेही प्रसिद्ध केलेली नव्हती.

अशा वेळी प्रथम चार शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. लेखक ते अभ्यासकच असू शकतात, कारण नाव तर झाकलेले आहे. तो त्यांचा विद्यार्थी असू शकतो आणि त्यांच्या संमतीने लिहीत असू शकतो. तो स्वतंत्रपणे त्याच विचारापर्यंत पोहोचला असू शकतो. आणि चौथी शक्यता उचलेगिरीची. पहिल्या दोहोंचा निर्णय परीक्षकाला करताच येत नाही. लेखकाचे नाव फक्त संपादकाला ठाऊक असते.

उरलेल्या दोहोंत फरक कसा करायचा? नुसता प्रश्न समान असणे हा पुरावा नव्हे. दुष्काळाची चाहूल कशी ओळखावी, हा विषय 1880 च्या दुष्काळ आयोगापासून चर्चेत आहे. साधनही समान असू शकते. नोंदवह्या कोणीही उघडून पाहू शकतो. 1858 साली वॉलेसचे टिपण डार्विनच्या हाती पडले, तेव्हा नैसर्गिक निवडीचे तत्त्व दोघांना स्वतंत्रपणे सुचले होते आणि दोघांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्रच सादर झाले. खरी खूण असते ती कारणाविना केलेल्या निवडींची. चर्चासत्रात त्या अभ्यासकांनी तीन वर्षांहून कमी मुदतीचीच गहाणखते मोजली होती आणि एक तालुका वगळला होता. तेथील वह्या पाहायला वेळच मिळाला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितलेही होते. हस्तलिखितात मुदतीची मर्यादा तीच होती आणि तालुकाही तोच गाळलेला होता. कारण मात्र कशाचेच दिलेले नव्हते. दोघांना एक प्रश्न सुचू शकतो, पण दोघांची गैरसोय सहसा एकच नसते.

मी निबंधाचे मूल्यमापन थांबवले आणि चर्चासत्राची वही काढली. संपादकांना गोपनीय पत्रात तीन गोष्टी कळवल्या. ही कल्पना कोठे व केव्हा ऐकली आणि नेमक्या कोणत्या दोन बाबी जुळतात, ही पहिली. ते अभ्यासक माझे प्रतिपक्षी असल्याने माझी साक्ष त्या हिशेबाने तोलावी, ही दुसरी. आणि या निबंधावर अभिप्राय देणे मला उचित वाटत नाही, ही तिसरी. लेखकाकडे जाणाऱ्या अभिप्रायात यातला एक शब्दही घातला नाही. त्या अभ्यासकांना दूरध्वनीही केला नाही. हस्तलिखित विश्वासाने सोपवलेले असते आणि लेखक निर्दोष असेल, तर एका कुजबुजीने त्याचे नाव कायमचे डागाळते. प्रकाशननीतीची आंतरराष्ट्रीय समिती ‘कोप’ हिचा संकेतही हाच आहे. शंका संपादकाला कळवावी आणि त्याने सांगितल्याखेरीज परीक्षकाने स्वतः तपासाला लागू नये.

लेखक ते अभ्यासक नव्हते, एवढे संपादकांनी नंतर कळवले. त्यांनी लेखकाकडे कामाची दिनांकित टिपणे मागितली. टिपणे आली नाहीत. निबंध मागे घेतल्याचे पत्र आले. संपादकांनी लेखकाच्या संस्थेला लिहिले. तेथील समितीने साम्याचा अहवाल मागवला, आकडा 10 टक्क्यांच्या आत निघाला आणि प्रकरण मिटले. तोच निबंध उद्या दुसऱ्या नियतकालिकाकडे जाऊ शकतो आणि तेथील परीक्षक त्या चर्चासत्राला गेलेला असेलच असे नाही.

योगायोगावर किती भिस्त असते, हे अमेरिकेतील एका गाजलेल्या प्रकरणात दिसले होते. 1978 साली हेलेना वॉक्सलिश्ट-रॉडबार्ड या संशोधिकेचे अप्रकाशित हस्तलिखित एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकाने येल विद्यापीठातील प्राध्यापकाकडे परीक्षणासाठी धाडले. ते त्यांच्या सहकाऱ्याच्या हाती गेले. नकाराची शिफारस झाली आणि त्याच विषयावरचा या दोघांचा निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडे रवाना झाला. तो परीक्षणासाठी रॉडबार्ड यांच्याच वरिष्ठांकडे आला, त्यांनी तो रॉडबार्ड यांना वाचायला दिला आणि त्यात त्यांना स्वतःची वाक्ये व सूत्र दिसले. वाक्ये बदललेली असती, तर तक्रार सिद्ध करणे किती अवघड झाले असते, याची कल्पना करता येते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कल्पनेविषयीची तक्रार आली, तर शैक्षणिक सचोटी समितीने साम्याचा अहवाल न मागवता दोन्ही बाजूंची दिनांकित कागदपत्रे मागवावीत, अशी स्वतंत्र तरतूद विनियमांत हवी. ज्या निवडींची कारणे निबंधात नाहीत, ती लेखकाला विचारावीत. ज्याने काम केले आहे, त्याला उत्तर देणे जड जात नाही. चर्चासत्राच्या आयोजकांनी प्रत्येक मांडणीचा पानभर गोषवारा तारखेनिशी जपून ठेवावा. प्रशासनात टिपणीखाली तारीख नसेल, तर ती टिपणी कोणी गृहीत धरत नाही. संशोधनातील श्रेयाच्या वादात मात्र आपण अजूनही तोंडी आठवणींवर विसंबतो.

एखाद्या अभ्यासकाचे श्रेय शाबूत राहावे यासाठी त्याच्याच प्रतिस्पर्ध्याची वही हाताशी असावी लागते, ही व्यवस्था म्हणता येणार नाही. प्रतिस्पर्ध्याला गप्प बसणे केव्हाही सोयीचे असते आणि तो गप्प बसला, तर आजच्या नियमांनुसार काही बिघडल्याचे कोणाला कळणारही नाही.