कॅल्शियमची गोळी वाढवण्याआधी पीटीएच तपासून घ्या

वर्षानुवर्षं कॅल्शियमची गोळी घेऊनही डेक्सा तपासणीत हाडांची घनता घटलेलीच येत असेल, तर कृपा करून स्वतःच्या मनानं गोळी दुप्पट करू नका. कॅल्शियम हाडांपर्यंत का पोहोचत नाही, ते आधी शोधायला हवं.

गळ्यात थायरॉइडच्या मागे साधारण डाळीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम ढळू न देणं हे त्यांचं काम. हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावर अवलंबून असल्यामुळे शरीर तिथे तडजोड करत नाही. कॅल्शियम जरा कमी झालं की या ग्रंथी पीटीएच हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, लघवीतून जाणारं कॅल्शियम वाचवतं आणि मूत्रपिंडाकडून ड जीवनसत्त्व कार्यक्षम करून घेतं. त्या ड जीवनसत्त्वामुळे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषतं.

हाड विरघळताना मात्र कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही रक्तात येतं. ते साचलं तर कॅल्शियमला बांधून ठेवेल आणि केलेली मेहनत वाया जाईल. म्हणून पीटीएच मूत्रपिंडाला फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकायला लावतं. पुढे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं झालं की ग्रंथी शांत होतात.

एक उदाहरण घेऊ. बासष्ट वर्षांच्या एक बाई रोज ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी न चुकता घेतात. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ८.९, म्हणजे ८.५ ते १०.५ या मर्यादेत. घरचे म्हणतात, ‘कॅल्शियम तर नॉर्मल आहे!’ पण फॉस्फरस २.४ आहे, म्हणजे २.५ ते ४.५ या मर्यादेच्या किंचित खाली. ड जीवनसत्त्व फक्त ९ आहे, ते निदान २० तरी हवं. पीटीएच १२८ आहे, एरवी ते १५ ते ६५ असतं. क्रिएटिनिन ठीक आहे.

आता हे आकडे एकत्र वाचा. ड जीवनसत्त्व पुरेसं असताना आतडं साधारण ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषतं. त्याची मोठी कमतरता असली की जेमतेम १० ते १५ टक्के. म्हणजे पाचशेच्या गोळीतले ५० ते ७५ मिलिग्रॅमच आत जातात. उरलेली तूट पीटीएच हाडांची ठेव मोडून भरून काढतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसतं ते त्यामुळेच. फॉस्फरस कमी आहे, कारण पीटीएच ते लघवीतून घालवत आहे. या बाईंना आणखी कॅल्शियमपेक्षा आधी ड जीवनसत्त्व भरून काढण्याची गरज आहे.

आकड्यांची जुळणी वेगळी असेल तर कारणही वेगळं. कॅल्शियम ११ च्या पुढे आणि तरीही पीटीएच दबलेलं नसेल, तर बहुधा एखादी पॅराथायरॉइड ग्रंथीच बेलगाम झालेली असते. मुतखडा पुन्हा पुन्हा होत असेल तर ही शंका जरूर घ्यावी. तिथे जादा गोळ्यांनी इलाज होत नाही. अनेकदा ती ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढावी लागते. क्रिएटिनिन आणि फॉस्फरस दोन्ही वाढलेले असतील आणि पीटीएचही जास्त असेल, तर दुखणं मूत्रपिंडाचं आहे. गोळी कोणती, किती, हे मूत्रपिंडतज्ज्ञांनी ठरवावं.

सगळेच आकडे ठीक असतानाही पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे हाडं झिजतात. ती झीज कॅल्शियमच्या गोळीनं थांबत नाही, तिची औषधं वेगळी आहेत. पण हाडांचं इंजेक्शन घेण्याआधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून घ्या, नाहीतर कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं.

तेव्हा कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, पीटीएच आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या एकाच दिवशी करून घ्या आणि डॉक्टरांना सगळे आकडे एकत्र दाखवा. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्या, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर ते सांगा. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पाकिटं डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्या. ती मनानं घेत राहिलात तर कॅल्शियम भलतंच वाढतं. खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ ही त्याची लक्षणं.

उपचार सुरू झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी पीटीएच पुन्हा तपासा. ते खाली आलं असेल, तर हाडांतून होणारी उचल कमी झाली असं समजा. आलं नसेल, तर डॉक्टरांना पुढचं कारण शोधायला सांगा.