घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी
"घर माझ्या नावावर आहे, नीघ," असं सासऱ्यांनी सुनावलं की मार खाणारी सून निमूट बाहेर पडते. तिने पडू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७ कोणत्याही धर्माच्या स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतं. सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सांगितलं. मात्र ती तिथे संसार करून राहिलेली हवी, पाहुणी म्हणून नव्हे.

यातून मालकी मिळत नाही. न्यायालय भाड्याची पर्यायी जागाही देववू शकतं. म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे दोन्ही आदेश मागावेत: मारहाणीला मनाई करणारा संरक्षण आदेश आणि घराबाहेर काढायला मनाई करणारा निवास आदेश. तातडी असेल तर शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम आदेशही मिळू शकतो.