फौंड्री काढून टाकू काय?

कोल्हापूरच्या निवृत्ती चौकात, अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ चहा घेताना एका मित्राने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "भावा, एवढं वाच. ह्यातली फौंड्री काढून टाकू काय?" सतरा वर्षं त्याने शिरोली एमआयडीसीत काढली आहेत. भट्टीवर शिफ्ट इंजिनिअर म्हणून सुरुवात केली, आज तो प्रॉडक्शन मॅनेजर आहे. आता त्याला दूध-अन्न प्रक्रियेच्या धंद्यात जायचं आहे. मोबाईलवर होता लिंक्डइनवरचा त्याचा 'अबाउट', म्हणजे प्रोफाइलच्या वरच्या भागातला स्वतःबद्दलचा मजकूर.

मसुदे दोन होते. पहिला जुना, त्याने स्वतः लिहिलेला: रिझल्ट ओरिएंटेड, डायनॅमिक, सतरा वर्षांहून अधिक अनुभव, एसजी आयर्न, कोअर शॉप, फेटलिंग, आणि शेवटी टीम प्लेअर. दुसरा कुणा सल्लागाराकडून पैसे देऊन करून घेतलेला. त्यात फौंड्री हा शब्दच नव्हता. 'ऑपरेशन्स लीडर, फूड अँड बेव्हरेज' अशी सुरुवात, पुढे एचएसीसीपी, आयएसओ २२०००, कोल्ड चेन. पहिला मसुदा वाचून दूध संघातला माणूस म्हणेल, हा लोखंडवाला इथं कशाला आला? दुसरा वाचून म्हणेल, वा. आणि मुलाखतीत पाचव्या मिनिटाला विचारेल, पाश्चरायझरचा फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह कशासाठी असतो?

सल्लागाराची बाजू मात्र पोकळ नाही. भरती करणारा माणूस आधी शोधाच्या चौकटीत शब्द टाकतो. ते शब्द प्रोफाइलमध्ये कुठेच नसतील, तर तुमचं नाव त्याच्यासमोर येण्याची शक्यताच घटते. शिवाय अबाउटला २,६०० अक्षरांची मर्यादा असली तरी उघडल्याबरोबर दिसतात त्या वरच्या दोन-तीन ओळी. बाकीचं वाचायला बटण दाबावं लागतं, आणि सगळेच ते दाबत नाहीत. त्या दोन-तीन ओळींत 'कोअर शॉप' आणि 'फेटलिंग' असेल, तर दुसऱ्या धंद्यातला वाचक तिथूनच परत फिरतो. म्हणून फौंड्रीची परिभाषा वरून खाली हलवावी, हे मला पटतं. ती खालच्या एक्स्पीरियन्सच्या भागात नांदू दे. तिथं तिचं घर आहे.

पण शब्द हलवणं वेगळं आणि माणूस लपवणं वेगळं. अबाउटच्या खालीच सतरा वर्षांच्या नोकऱ्या ओळीने दिसतात. वर 'फूड अँड बेव्हरेज' आणि खाली तीन फौंड्र्या, हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं. मग त्याला जी शंका येते ती अनुभवाबद्दल नसते, माणसाबद्दल असते.

मी त्याला म्हटलं, मसुदे ठेव बाजूला. भट्टीवर तुझ्या हातून झालेला एखादा निर्णय सांग, जो चुकला असता तर माल गिऱ्हाइकाकडे जाऊन फुटला असता. तो क्षणाचाही विचार न करता बोलला. एसजी आयर्नमध्ये वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियमची प्रक्रिया देतात, त्यामुळे आतलं ग्राफाइट गोल दाण्यांचं होतं आणि ओतकाम ठिसूळ राहत नाही. पण मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटागणिक उतरतो. लॅडल ठरलेल्या मिनिटांत साच्यांत रिकामा झाला नाही, तर उरलेला रस ओतायचा नाही, बाजूला काढून थिजवायचा. एका रात्रपाळीत क्रेन अडकली, वेळ उलटली, डिस्पॅचची गाडी दारात उभी होती आणि वरून फोन येत होते. त्याने लॅडल ओतू दिला नाही.

हा प्रसंग दोन्हीपैकी एकाही मसुद्यात नव्हता. आणि माझ्या मते अख्ख्या अबाउटचा कणा तोच आहे. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद धरायचं असतं. तापमान खाली घसरलं तर तो डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध पुढे जाऊ देत नाही, मागे फिरवतो. एचएसीसीपीत ह्याला क्रिटिकल लिमिट म्हणतात: एक मोजता येणारी मर्यादा, ती ओलांडली की काय करायचं हे आधीच ठरलेलं, आणि ते करताना मालकाचा फोन मधे येऊ द्यायचा नाही. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या फौंड्रीत कंट्रोल प्लॅन नावाचा कागद असतो. त्यातही तेच रकाने: काय मोजायचं, किती वेळा, कुणी, आणि बिघडलं तर काय. माझा मित्र सतरा वर्षं त्या कागदावर सही करतोय. त्याला एचएसीसीपी 'येतं' असं लिहायची गरज नाही. त्याने त्याच जातीचं काम केलंय, हे त्याने दाखवावं.

तुलना इथं मात्र फसवी होऊ शकते, आणि ह्याच ठिकाणी धंदा बदलणारे बहुतेक जण घसरतात. त्याच्या जुन्या मसुद्यात अभिमानाचं वाक्य होतं: रिजेक्शन सात टक्क्यांवरून चारवर आणलं. फौंड्रीवाला हे वाचून मान डोलावेल. दूधवाला दचकेल. शंभरात चार? फौंड्रीत नाकारलेलं कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं. वीज, मजुरी, वाळू, वेळ बुडतो, पण लोखंड परत मिळतं. नासलेलं दूध कुठल्याही भट्टीत घालून परत दूध होत नाही. म्हणजे आकडा खरा असूनही दुसऱ्या धंद्यात त्याचा अर्थ पालटतो. मग तो गाळायचा का? नाही. त्याच्या शेजारी 'कशामुळे' लिहायचं. त्याने केलं होतं ते असं: सहा महिन्यांचं रिजेक्शन दोषानुसार वेगळं मांडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त ब्लो होल निघाले, आणि तेही एका ठराविक पाळीत. त्या पाळीत वाळूतला ओलावा मोजायचा राहून जात होता. मापन पक्कं केलं, आकडा उतरला. ही गोष्ट दूधवाल्यालाही कळते, कारण त्याच्याही डेअरीत एखादी पाळी अशी असतेच.

दुसरा फरक ह्याहून मोठा. पिग आयर्न आणि भंगार यार्डात महिनाभर पडून राहिलं तरी बिघडत नाही, ऑर्डर आली की वितळवायचं. दूध सकाळ-संध्याकाळ येतंच, ऑर्डर असो वा नसो, आणि हिवाळ्यात जास्त येतं. एकीकडे गिऱ्हाइकाच्या वेळापत्रकाने कारखाना चालतो, दुसरीकडे गोठ्याच्या. हे त्याने मजकुरात कबूल करावं का, यावर आमचा चहा गार झाला. त्याचं म्हणणं, स्वतःची उणीव स्वतःच कशाला चव्हाट्यावर मांडायची? मला त्यात तथ्य दिसतं. तीन-तीन वाक्यं माफी मागत बसलेला अबाउट मीही पाहिला आहे, तो वाचवत नाही. पण एकच वाक्य, आणि तेही कबुलीचं नव्हे तर समजुतीचं, मी ठेवीन: 'माझं आजवरचं नियोजन मागणीवर चाललं, रोज येणाऱ्या नाशवंत मालावरचं नियोजन मला शिकायचं आहे.' ज्याला नेमकं काय येत नाही हे कळतं, त्याने त्या धंद्याची निदान चौकशी केली आहे, असं प्लांट हेडला वाटतं.

शोधात यायचे शब्दही असेच सरळ मार्गाने आणता येतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं, फॉस्टॅक नावाचं प्रशिक्षण आहे. फूड सेफ्टी सुपरवायझर घडवण्यासाठीचा तो छोटा अभ्यासक्रम. आधी तो करावा, मग शब्द लिहावा. 'फॉस्टॅक पूर्ण, महिना अमुक' ह्या एका ओळीने शब्दही येतो आणि विचारलं तर उत्तरही असतं.

अबाउट कितीही चांगला लिहिला तरी एक दार त्याने उघडणार नाही, हेही त्याला सांगावं लागलं. एफएसएसएआयच्या परवान्याच्या अटींत उत्पादनावर देखरेख करणारा किमान एक तांत्रिक माणूस लागतो, आणि त्याच्याकडे रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न तंत्रज्ञान अशा विषयांतली पदवी वगैरे अपेक्षित असते. त्याचा मेकॅनिकलचा डिप्लोमा तिथं अडतो. तेव्हा 'क्वालिटी हेड, डेअरी' हे लक्ष्य धरून लिहिलेला मजकूर चुकीच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र आहे. बॉयलर, रेफ्रिजरेशन, देखभाल, पॅकिंग लाइन, पाळ्यांचं मनुष्यबळ ह्या बाजूने तो शिरू शकतो, आणि तसंच लिहायला हवं. सल्लागाराच्या मसुद्यावर माझा खरा राग ह्याच कारणासाठी आहे. त्याने शब्द पाहिले, दार पाहिलं नाही.

एका संध्याकाळच्या खाडाखोडीनंतर सुरुवातीच्या ओळी इंग्रजीत उतरल्या, त्यांचा मराठीत अर्थ साधारण असा: 'मी तीन पाळ्यांचा, सव्वाशे माणसांचा कारखाना चालवतो, जिथं मर्यादा ओलांडलेला माल पुढे जाऊ द्यायचा नसतो. आजवर हे काम लोखंडावर केलं. आता अन्नप्रक्रियेच्या उत्पादन आणि देखभाल विभागात करायचं आहे.' त्याखाली लॅडलचा प्रसंग चार वाक्यांत, मग वाळूच्या ओलाव्याचा, मग समजुतीचं ते वाक्य, शेवटी फॉस्टॅक. मोजली तर जेमतेम १,४०० अक्षरं भरली. डायनॅमिक गेलं, टीम प्लेअर गेलं. सतरा वर्षांचा आकडाही त्याने स्वतःच खोडला, म्हणाला, खाली तारखा आहेतच की.

अडलं ते तिसऱ्या वाक्यावर, 'आता अन्नप्रक्रियेत करायचं आहे' ह्यावर. नोकरी शोधतोय ही खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते, पण तीही आपल्या कंपनीतल्यांना दिसणार नाही अशी खात्री लिंक्डइन देत नाही. अबाउट तर उघड्यावरच असतो. शिरोली ते गोकुळ शिरगाव अंतर ते किती, आणि मालकाचा मुलगा त्याच्या यादीत आहे. ते वाक्य काढलं तर मजकूर फौंड्रीवाल्याचाच राहतो, दूधवाल्याला इशारा मिळत नाही. ठेवलं तर सोमवारी केबिनमध्ये बोलावणं येऊ शकतं. मी म्हटलं, ठेव. पण घराचे हप्ते मी भरत नाही, तो भरतो. त्यामुळे माझ्या 'ठेव'ला वजन किती, हे मलाही ठाऊक आहे. मधला मार्ग त्यानेच काढला: वाक्य मोबाईलच्या नोट्समध्ये वेगळं ठेवलं, ज्या तीन कंपन्यांना थेट लिहायचं आहे त्यांना पाठवायच्या पत्रात घालायला. अबाउटमध्ये तूर्त एवढंच राहिलं की आजवर हे काम लोखंडावर केलं. 'आजवर' हा शब्द मात्र त्याने दोनदा खोडून पुन्हा लिहिला.