माल किती वेळा संपला, की किती कमी पडला?

समजा, हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाचे एल्बो तुम्ही वर्षात 10 वेळा मागवले. दर खेपेला गिऱ्हाइकांची मागणी 100 नगांची. त्यातल्या 4 वेळा नवा माल यायच्या आधीच साठा संपला आणि दरवेळी 5 नग कमी पडले. म्हणजे सायकल सर्व्हिस लेव्हल फक्त 60 टक्के. पण 1000 पैकी 980 नग दिलेच ना? फिल रेट 98 टक्के!

माझं मत विचाराल तर 60 बघून घाबरून गोदाम भरू नका. अशा मालाला फिल रेटच धरा. मात्र तो नुसत्या बिलांवरून काढू नका. परत गेलेलं गिऱ्हाईक बिलात दिसत नाही. ‘संपलंय’ म्हणाल तेव्हा किती नग हवे होते ते वहीत लिहा.