भाड्यावरील टीडीएस : आधी सूचना, मग विलंब शुल्क

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

विषय : घरभाड्यावरील करकपातीचे विवरण उशिरा भरणाऱ्या भाडेकरूंवरील विलंब शुल्काबाबत निवेदन.

महोदय,

दरमहा 50,000 रुपयांहून जास्त भाडे देणाऱ्या व्यक्तीने त्यातून कर कापून सरकारकडे भरावा, ही कलम 194-आयबीची तरतूद 1 जून 2017 पासून लागू आहे. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ती कायम आहे. या कपातीला आमचा विरोध नाही. मोठे भाडे घेऊन ते उत्पन्नात न दाखवणारे मालक त्यामुळे नोंदीत येतात आणि ते योग्यच आहे. सामान्य माणसाला झेपावे म्हणून कायद्याने टॅन क्रमांकाची अट ठेवली नाही. वर्षातून एकदाच, मार्चच्या किंवा जागा सोडतानाच्या शेवटच्या भाड्यातून कपात करायची. 1 ऑक्टोबर 2024 पासून दरही 5 वरून 2 टक्के झाला. आमची तक्रार आहे ती चुकल्यावर लागणाऱ्या शुल्काबद्दल.

एक हिशेब पाहावा. पुण्यातील एका फ्लॅटचे भाडे 55,000 रुपये आहे आणि भाडेकरू एप्रिल 2025 ते मार्च 2026 असे पूर्ण वर्ष तिथे राहिला. वर्षाचे भाडे 6,60,000 रुपये, त्यावर 2 टक्क्यांनी कर 13,200 रुपये. मार्चच्या भाड्यातून तो कापून मालकाला 41,800 रुपये द्यायचे आणि 30 एप्रिलपर्यंत फॉर्म 26 क्यूसी भरायचा. हे राहिले, तर कलम 234-ई प्रमाणे रोज 200 रुपये शुल्क सुरू होते. त्याला कमाल मर्यादा कराच्या रकमेइतकी आहे आणि या हिशेबात ती 66 दिवसांत, म्हणजे 5 जुलैलाच, गाठली जाते. व्याज वेगळे. भाडेकरूने दरम्यान जागा सोडून अनामत परत घेतली असेल, तर मालकाकडून कर वसूल करण्याचा मार्गही उरत नाही आणि मूळ 13,200 रुपयेसुद्धा त्याच्याच खिशातून जातात. मालकाने मात्र तेच भाडे आपल्या विवरणपत्रात दाखवून कर भरलेला असू शकतो. तिथे सरकारचा एक रुपयाही बुडालेला नसतो.

कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही, असे यावर सांगितले जाईल. तत्त्व मान्य आहे. पण पगारदार माणसाने आजवर टीडीएस पाहिला तो फक्त स्वतःच्या पगारातून कापला जाताना. कापणारा म्हणून आपलेच नाव लागते, हे त्याला कोणत्याही टप्प्यावर कोणी सांगत नाही, आणि वर्षातून एकदाच कपात असल्याने अकरा महिने त्याची आठवण व्हावी असे काही घडतही नाही. उलट, ही माहिती शासनाकडे असते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि त्या नोंदणीत भाड्याची रक्कम व मुदत येतेच. घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्याचे भाडे वर्षाला एक लाखाहून जास्त असेल, तर तो मालकाचा पॅन कंपनीला देतो आणि कंपनी तो चौथ्या तिमाहीच्या 24 क्यू विवरणात 31 मेपर्यंत कळवते. वरील भाडेकरूला त्याच दिवशी संदेश गेला असता, तर शुल्क 6,200 रुपयांवर थांबले असते.

सूट दिली की शिस्त सुटेल, हा आक्षेपही विचारात घेण्यासारखा आहे. परंतु आम्ही व्याज माफ करा असे म्हणत नाही. उशिराची किंमत व्याजातून वसूल होतच राहील. शिवाय, मंडळाने 4 मार्च 2014 च्या परिपत्रकाने सरकारी कार्यालयांना टीडीएस विवरणांची मुदत मागील तारखेपासून वाढवून दिली होती. हिशेबनीस आणि लेखा विभाग हाताशी असलेल्या कार्यालयांच्या अडचणी समजून घेतल्या गेल्या, तर वर्षातून एकच फॉर्म भरणाऱ्या कुटुंबालाही तोच न्याय मिळावा.

म्हणून आमची पहिली मागणी अशी, की राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाशी समन्वय साधून, 50,000 रुपयांहून जास्त भाड्याचा करार नोंदवताना भाडेकरूला कपातीची रक्कम, महिना आणि फॉर्म यांची लेखी सूचना मिळावी. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत नसल्याने अनेकांची माहिती कंपनीमार्फत येणारच नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे. पहिल्यांदा चुकलेल्या भाडेकरूला विभागाने संदेश पाठवावा आणि त्यानंतर 30 दिवसांत त्याने फॉर्म भरल्यास विलंब शुल्क लावू नये. मालकाने त्या भाड्यावर कर भरल्याचे त्याच्या विवरणपत्रावरून दिसत असेल, तर शुल्क पूर्ण माफ व्हावे. यासाठी कलम 119 खालील अधिकार वापरून परिपत्रक काढावे आणि त्यात 2025-26 च्या प्रलंबित प्रकरणांचा समावेश करावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
पुणे व मुंबई परिसरातील भाडेकरू नागरिक